आकडा पुढे वाचता यावा म्हणून
बचत गटाची नोंदवही व तिचे छायाचित्र

बचत गटाची मासिक बैठक आटोपते. पैसे मोजून पेटीत ठेवले जातात, सभासद सह्या करतात अथवा अंगठे उठवितात आणि नोंदवहीच्या पानाचे मोबाइलवर छायाचित्र घेतले जाते. ते छायाचित्र हिशेब पाहणाऱ्या कार्यकर्तीकडे जाते व त्यावरून आकडे संगणकात भरले जातात. ही भरणारी व्यक्ती बैठकीला हजर नसते. कोणी किती दिले हे तिला ठाऊक नसते आणि आकडा लागला नाही तर विचारावयास समोर कोणी नसते. तिच्यापुढे असते ते केवळ एक चित्र. अशा वेळी चुकीचा वाचलेला एकच अंक एखाद्या भगिनीच्या नावावर तिने न घेतलेले कर्ज चढवू शकतो.

नाबार्डने १९९२ साली पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. तेव्हापासून बँकेने गटास कर्ज द्यावे की नाही हे ठरविताना गटाचा हिशेब पाहिला जातो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड व नियमित हिशेबलेखन ही गटाची पंचसूत्री सर्वांच्या तोंडी आहे. त्यातील शेवटच्या सूत्राविषयी गावपातळीवरील कार्यकर्तीने मासिक बैठकीत सुमारे वीस मिनिटांत काय सांगावे व काय करून दाखवावे, हे येथे दिले आहे. बोलण्यापेक्षा दाखविण्यावर भर असावा. त्यासाठी गटाची चालू नोंदवही, एक कोरा कागद, एक बॉलपेन, एक फूटपट्टी व कोणाचाही साधा मोबाइल एवढे साहित्य पुरे होते.

एका पानाची गोष्ट

आरंभी भगिनींपुढे एका पानाचे उदाहरण ठेवावे. समजा, दहा सभासदांचा एक गट आहे. प्रत्येकीची मासिक बचत १०० रुपये, आणि गटातून घेतलेल्या कर्जावर दरमहा शेकडा दोन रुपये व्याज असा गटाचा ठराव आहे. तिघींकडे कर्ज आहे. पहिलीकडे ५,००० रुपये बाकी आहेत, दुसरीकडे ३,५०० आणि तिसरीकडे ८,०००. दुसऱ्या भगिनीने खरीपाच्या बियाण्यासाठी कर्ज घेतले होते. या महिन्यात तिचा एक बोकड विकला गेला, म्हणून तिने नेहमीपेक्षा अधिक, म्हणजे ८०० रुपये मुद्दल भरले. पहिलीने ५०० व तिसरीने १,००० भरले. व्याज अनुक्रमे १००, ७० व १६० रुपये झाले. एक सभासद उशिरा आली म्हणून तिच्याकडून १० रुपये दंड घेतला गेला.

आता पानाची बेरीज पाहावी. बचतीच्या रकान्याखाली १,०००, मुद्दलाच्या रकान्याखाली २,३००, व्याजाखाली ३३० आणि दंडाखाली १० रुपये येतात. एकूण ३,६४० रुपये. आडव्या बाजूने पाहता पहिलीचे ७००, दुसरीचे ९७०, तिसरीचे १,२६०, दंडवाल्या सभासदाचे ११० आणि उरलेल्या सहा जणींचे प्रत्येकी १०० होतात. त्यांचीही बेरीज ३,६४० च येते. पेटीत मोजलेली रोकडही तेवढीच आहे. येथवर हिशेब निर्दोष आहे.

त्या दिवशी गटाच्या सचिवाच्या हातात पैशांची मोजणी होती, म्हणून वहीत आकडे लिहिण्यास तिची शाळकरी मुलगी बसली. मुलीने सवयीने इंग्रजी अंक वापरले. बेरजा मात्र सचिवाने स्वतः मराठी अंकांत मांडल्या. मुलीने घाईत काढलेल्या इंग्रजी आठाचे वरचे वर्तुळ मिटले नाही. इंग्रजी आठाचे वरचे तोंड उघडे राहिले की तो हुबेहूब मराठी ४ दिसतो, हे कोऱ्या कागदावर काढून दाखविले म्हणजे बैठकीत बसलेल्या भगिनींस तत्काळ पटते. छायाचित्रावरून आकडे भरणाऱ्या व्यक्तीने ८०० च्या जागी ४०० वाचले. तिच्या लेखी दुसऱ्या भगिनीची बाकी ३,५०० मधून ४०० जाऊन ३,१०० उरली. खरी बाकी २,७०० होती. पुढील महिन्याचे व्याज ५४ रुपयांऐवजी ६२ रुपये निघाले. आठ रुपयांचा फरक लहान वाटतो. परंतु त्यामागे ४०० रुपये दडलेले आहेत, आणि ज्या स्त्रीने बोकड विकून रोख पैसे मोजून दिले तिलाच पुढे ‘तुझे चारशे कमी आहेत’ असे ऐकावे लागते. गटात तंटे होतात त्यांपैकी काहींचे मूळ पैशात नसून अशा अक्षरात असते.

ही चूक पकडता आली असती काय? आली असती, आणि तीही अगदी सहज. आकडे भरणाऱ्या व्यक्तीने दुसरीची आडवी बेरीज केली असती तर १००, ४०० व ७० मिळून ५७० झाले असते. पानावर तर ९७० लिहिलेले आहेत. फरक ४०० चा. मुद्दलाची उभी बेरीज ५००, ४०० व १,००० मिळून १,९०० झाली असती. पानावर २,३०० आहेत. फरक पुन्हा ४०० चाच. आडवी ओळ व उभा रकाना जेथे एकमेकांस छेदतात त्याच घरात चूक आहे, असे दोन्ही बेरजा बोट ठेवून दाखवितात. परंतु या उदाहरणात छायाचित्र घेताना पानाची उजवी कड बाहेर राहिली होती आणि तळाच्या बेरजेवर छायाचित्र घेणारीच्या हाताची सावली पडली होती. चूक सांगणारे दोन्ही साक्षीदार असे चित्राबाहेर गेले.

वरील गोष्ट सांगून झाल्यावर मगच नियमांकडे वळावे. आधी नियम सांगितले तर ते केवळ शिस्तीचे वाटतात.

अंक कसे लिहावेत

पहिला नियम असा की एका नोंदवहीत एकाच लिपीचे अंक असावेत. मराठी की इंग्रजी याविषयी आग्रह धरू नये. गटातील बहुतेकींना जे वाचता येतात ते निवडावेत आणि वहीच्या पहिल्या पानावर तसे लिहून ठेवावे. घोटाळा होतो तो मिसळीमुळे. आठ आणि चार यांची गोष्ट वर आलीच आहे. तसाच इंग्रजी नऊ हा मराठी १ सारखा दिसतो. मोबाइलचा क्रमांक व बँकेच्या खात्याचा क्रमांक पुष्कळदा इंग्रजी अंकांतच दिलेला असतो. तो तसाच उतरवावा, परंतु पैशांच्या रकान्यांपासून दूर, वहीच्या वेगळ्या पानावर ठेवावा.

केवळ मराठी अंक वापरले तरी काही जोड्या जपाव्या लागतात. १ चे शेपूट फार वळले की त्याचा ९ होतो. २ लिहिताना मध्ये हात अडखळला की ३ चा भास होतो. परंतु सर्वांत अधिक घात करते ते शून्य. पुष्कळ जणींना शून्य टिंबाएवढे बारीक काढण्याची सवय असते. वहीत ते दिसते, छायाचित्रात मात्र पुसट होते आणि १०० चे १० होतात. शून्य इतर अंकांच्याच उंचीचे व पूर्ण मिटलेले असावे. कार्यकर्तीने प्रत्येक सभासदाकडून नव्हे, परंतु वही लिहिणाऱ्या दोघींकडून तरी ० ते ९ हे अंक कोऱ्या कागदावर लिहवून घ्यावेत. त्या कागदाचे तेथेच छायाचित्र घ्यावे व ते तिसऱ्या भगिनीस वाचावयास द्यावे. ती ज्या अंकापाशी थबकेल तो अंक सुधारावयाचा. यात कोणाच्या अक्षराची थट्टा होणार नाही याची काळजी घ्यावी. अक्षर सुंदर असणे व अक्षर लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि येथे दुसरीचेच काम आहे.

रकमेपुढे तिरपी रेघ व आडवी रेघ देण्याची जुनी चाल आहे. धनादेशावर ती उपयोगाची असते. अरुंद रकान्यात मात्र ती तिरपी रेघ १ सारखी दिसते आणि ५०० चे ५००१ वाचले जातात. रकान्याच्या डोक्यावर ‘रुपये’ असे एकदा लिहिले म्हणजे खाली काही चिन्ह देण्याचे कारण उरत नाही. ‘वरीलप्रमाणे’ या अर्थाने दोन लहान उभ्या रेघा मारण्याची सवयही अशीच सोडावी. त्या दोन रेघा चित्रात ११ दिसतात. दहा जणींची बचत १०० असली तरी १०० हा आकडा दहा वेळा लिहावा.

जेथे रक्कम नाही तेथे घर रिकामे ठेवू नये, आडवी रेघ द्यावी. रिकाम्या घराचे दोन अर्थ होतात. पैसे आले नाहीत हा एक, आणि लिहावयाचे राहिले हा दुसरा. सहा महिन्यांनी यांतील खरा कोणता हे सांगता येत नाही. शिवाय रिकाम्या घरात मागाहून आकडा घालता येतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

एकंखाली एकं, दहंखाली दहं व शतंखाली शतं येईल असे लिहावे. त्यासाठी फूटपट्टीने रकाने आखताना पैशांचा रकाना पाच अंक मोकळेपणी मावतील एवढा रुंद ठेवावा. नावाचा रकाना मोठा आणि पैशांचा चिंचोळा अशा वह्या पुष्कळ गटांत दिसतात. त्यात आकडे एकमेकांस चिकटतात व शेजारच्या घरात शिरतात. एक ओळ सोडून लिहिल्यास वही लवकर भरते खरी, परंतु नव्या वहीची किंमत ही चुकीच्या हिशेबाच्या मानाने काहीच नव्हे.

बॉलपेनची निळी किंवा काळी शाई वापरावी. शाईच्या पेनाने लिहिलेले पाण्याचा थेंब पडताच पसरते, आणि पावसाळ्यात गळक्या छपराखाली ठेवलेल्या वहीस हा धोका असतोच. पेन्सिलीचे अक्षर प्रकाशात चकाकते व चित्रात फिके येते. शिवाय ते खोडता येते, म्हणून हिशेबास ते मुळीच चालत नाही. तांबडी शाई तपासणाऱ्या व्यक्तीसाठी राखून ठेवावी.

चूक झाली तर

चूक सर्वांकडूनच होते. चुकलेला अंक गिरवून त्याचाच दुसरा अंक करणे हा मात्र सर्वांत वाईट उपाय होय. ४ वर ५ गिरविला म्हणजे वाचणाऱ्यास ४ ही दिसतो व ५ ही दिसतो. पांढरा रंग लावून झाकलेला आकडा तर संशयच निर्माण करतो, कारण खाली काय होते हे कोणासच कळत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ आडवी रेघ मारावी. जुना आकडा रेघेखालून वाचता आला पाहिजे. वरच्या मोकळ्या जागेत बरोबर आकडा लिहावा आणि शेजारी लिहिणारीने व जिच्या नावावर तो आकडा आहे त्या भगिनीने सही अथवा अंगठा द्यावा. एक ओळ सोडून लिहिण्याचा फायदा येथे दिसून येतो. सह्या होऊन पान मिटल्यावर चूक आढळली तर जुन्या पानास हात लावू नये. पुढील बैठकीच्या पानावर दुरुस्तीची नोंद करून ती सर्वांस वाचून दाखवावी.

बेरजा व त्यांची मर्यादा

प्रत्येक पानावर आडव्या व उभ्या अशा दोन्ही बेरजा असाव्यात आणि शेवटच्या घरातील एकूण रक्कम अक्षरांतही लिहावी, जसे ‘अक्षरी रुपये तीन हजार सहाशे चाळीस मात्र’. अंक पुसट झाला तरी शब्द सहसा लागतो. नवे कर्ज दिले असेल तर ती रक्कमही अक्षरी लिहावी.

दोन बेरजा जुळत नसतील तर प्रथम फरक काढावा, कारण फरकावरूनच चुकीची जात ओळखता येते. फरकास नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, किंवा एखादे शून्य गळालेले अथवा वाढलेले असते. ४५० च्या जागी ५४० लिहिले तर फरक ९० चा पडतो. १०० च्या जागी १० वाचले तरी फरक ९० चाच पडतो. दोहोंस नऊने भाग जातो. फरक ८, ८० किंवा ८०० असेल तर १ व ९ यांचा घोटाळा आहे काय ते पाहावे. ४, ४० किंवा ४०० असेल तर उघड्या तोंडाचा आठ शोधावा. ही युक्ती हिशेबनिसांत फार जुनी आहे. परंतु ती केवळ कोठे शोधावे हे सांगते. फरक दिसला म्हणून मनानेच आकडा बदलू नये, मूळ वही व संबंधित भगिनीचे पासबुक पाहूनच दुरुस्ती करावी.

बेरजांनाही एक चूक सापडत नाही, हे कार्यकर्तीने स्पष्ट सांगावे. एका भगिनीचे पैसे चुकून दुसरीच्या ओळीत लिहिले गेले आणि आडवी बेरीजही त्याच ओळीत मांडली, तर उभ्या बेरजा जुळतात, आडव्या जुळतात, रोकडही जुळते. चूक मात्र तशीच राहते. ती पकडण्याचा मार्ग एकच आहे. बैठकीतच प्रत्येकीचे नाव व रक्कम मोठ्याने वाचावी आणि तिचे पासबुक त्याच वेळी भरून तिच्या हाती द्यावे. जिला वाचता येत नाही तिलाही आपण किती पैसे दिले हे पक्के ठाऊक असते. आकडा कानावर पडताच ती चूक सांगू शकते. म्हणून निरक्षर भगिनींस या कामातून वगळू नये. वाचन चालू असताना त्यांनाच सर्वांत पुढे बसवावे.

छायाचित्र कसे घ्यावे

वही नीट असली म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम प्रकाशाचे आहे. उत्तम छायाचित्र दिवसा, ओसरीवर किंवा दाराशी, ऊन थेट न पडणाऱ्या उजेडात येते. कडक उन्हात पांढरा कागद तिरीप मारतो आणि अंक उजळून जातात. घराच्या आत डोक्यावर एकच दिवा असला तर मोबाइल धरणारीची सावली नेमकी पानावर पडते. पुष्कळ गटांच्या बैठका शेतातून परतल्यावर, सायंकाळी होतात. तेव्हा ही अडचण येतेच. अशा वेळी दुसऱ्या भगिनीने बॅटरी किंवा दिवा वहीच्या एका बाजूने, थोडा दूर धरावा. मोबाइलचा स्वतःचा झोत वापरू नये. त्यामुळे पानाच्या मध्यावर पांढरा डाग पडतो व त्याखालचे आकडे नाहीसे होतात. वहीवर प्लास्टिकचे आवरण असल्यास ते बाजूस सारावे. रात्रीचे छायाचित्र समाधानकारक न आल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्यावे. मधल्या वेळात पानावर काहीही लिहू नये, एवढे मात्र पाळावे.

छायाचित्र घेण्यापूर्वी मोबाइलच्या पाठीवरील काच पुसावी. स्वयंपाकाचा तेलकट हात किंवा पीठ लागलेल्या काचेतून पाहिलेले सारे धुक्यात असल्यासारखे दिसते. पदराचे मऊ, कोरडे, सुती टोक त्यासाठी पुरे आहे. बैठकीत एकाच पानाची दोन छायाचित्रे, एक काच पुसण्यापूर्वी व एक पुसल्यानंतर, घेऊन दाखवावीत. या एका प्रयोगाने जे पटते ते बोलून पटत नाही.

वही जमिनीवर किंवा पाटावर सपाट ठेवावी. जाड वहीचे पान शिवणीजवळ फुगते आणि तेथील आकडे वाकडे होऊन चिकटलेले दिसतात. म्हणून एका वेळी एकच पान घ्यावे आणि समोरच्या पानावर पाटी किंवा दुसरी वही ठेवून ते दाबावे. मोबाइल पानाच्या अगदी वर, पानाशी समांतर धरावा. बसल्या जागेवरून तिरके धरल्यास जवळच्या ओळी मोठ्या व दूरच्या बारीक येतात. नेमक्या दूरच्या बाजूस पहिल्या सभासदांची नावे असतात. पानाचे चारही कोपरे चित्रात दिसतील आणि पान चित्रभर येईल इतके अंतर ठेवावे. दूर उभे राहून बोटांनी चित्र मोठे करून घेण्यापेक्षा हात खाली आणावा. दूरून मोठे केलेल्या चित्रात अंकांच्या कडा फाटतात.

मग पडद्यावर, आकड्यांच्या मधोमध, एकदा बोट टेकवावे. पडद्यावरील अक्षर क्षणभर पुसट होऊन पुन्हा स्पष्ट झाले म्हणजे मोबाइलने पानावर नजर स्थिर केली असे समजावे. कोपरे अंगाशी घट्ट धरून, श्वास रोखून बटण दाबावे. हात हलला तर प्रत्येक अंकास दुहेरी कड येते आणि त्यात ३ व ८ ओळखू येत नाहीत.

छायाचित्र आले म्हणजे काम संपले असे समजू नये. लहान पडद्यावर प्रत्येक चित्र स्वच्छच दिसते, आणि फसगत होते ती येथेच. दोन बोटांनी चित्र मोठे करून प्रथम वरचा डावा कोपरा, नंतर खालचा उजवा कोपरा वाचावा. खालच्या उजव्या कोपऱ्यात एकूण रक्कम असते. ती अडखळल्यावाचून वाचता आली, तर मधले आकडेही बहुधा वाचता येतात. याहून खात्रीची परीक्षा म्हणजे जिने वही लिहिली नाही अशा भगिनीने वही न पाहता केवळ चित्रावरून मुद्दलाचा रकाना मोठ्याने वाचावा आणि लिहिणारीने वहीवर बोट ठेवून तो पडताळावा. यास दोन मिनिटे लागतात. वर सांगितलेल्या उदाहरणात एवढे केले असते तर ८०० हा आकडा त्याच ओसरीवर, त्याच वेळी, ४०० असा ऐकू आला असता.

नाव, दिनांक व पाठवणी

प्रत्येक पानाच्या डोक्यावर गटाचे नाव, गाव, बैठकीचा दिनांक व पान क्रमांक असावा आणि तो छायाचित्रात आला पाहिजे. वहीत पाने एकामागून एक शिवलेली असतात, मोबाइलमध्ये मात्र प्रत्येक चित्र सुटे होते. एका कार्यकर्तीकडे अनेक गटांची चित्रे येतात. तेथे नावदिनांक नसलेले पान कोणाचे हे आठवणीने ठरविले जाते, आणि आठवण हिशेबाच्या कामी येत नाही. महिना शब्दांत लिहावा. केवळ अंकांत लिहिलेल्या दिनांकात दिवस कोणता व महिना कोणता हा घोळ होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या रीतीने छायाचित्र पाठविले असता ते वाटेत आकुंचन पावते. माणसाचा चेहरा त्यात ओळखू येतो, परंतु बारीक अंकांच्या कडा विरघळतात. म्हणून तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ या पर्यायातून पाठवावे. तसे पाठविल्यास ते मूळ आकारातच पोहोचते. पोहोचलेले चित्र पुन्हा दुसऱ्यास पाठविताना हीच काळजी घ्यावी. हिशेबाची पाने व बँकेच्या पासबुकाची चित्रे गावातील सर्वसाधारण समूहावर टाकू नयेत. कोणाकडे किती कर्ज आहे ही गटातील गोष्ट आहे, आणि खाते क्रमांक तर परक्याच्या हाती जाणे धोक्याचेच. संबंधित कार्यकर्तीच्या क्रमांकावरच ती पाठवावीत.

छायाचित्र घेतले म्हणून वहीची काळजी कमी करून चालत नाही. वाद उपस्थित झाला तर सह्या व अंगठे असलेली मूळ वहीच पाहिली जाते. भरलेल्या वह्या ओल्या भिंतीपासून दूर, पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात. पावसाळ्यात उघाड पडताच त्या सावलीत पसरून हवा द्यावी आणि पेटीत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. उन्हात वाळत घातलेल्या वहीची पाने वाकतात, मग पुढे त्यांचे छायाचित्र सरळ येत नाही. कसरीने कुरतडलेली अथवा भिजून चिकटू लागलेली जुनी पाने दिसल्यास ती सोडविण्याची घाई न करता, जेवढी मोकळी आहेत तेवढ्यांची छायाचित्रे आधी घ्यावीत.

बैठक संपण्यापूर्वी कार्यकर्तीने गटाच्या मागील तीन महिन्यांच्या पानांची छायाचित्रे मागवावीत आणि ती सभासदांकडूनच वाचवून घ्यावीत. जो आकडा लागणार नाही तो त्याच दिवशी मूळ वहीशी व पासबुकाशी ताडून, आकडे भरणाऱ्या व्यक्तीस कळवावा.